‘आज’ पुढे आला की ‘मी’ मागे जातो: स्वीडिश वाक्यातील क्रियापदाची दुसरी जागा

स्वीडनमध्ये स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या सरकारी भाषावर्गात मी पहिल्या वर्षी लिहिलेली वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्या एका पानावर एका शनिवारी केलेल्या छोट्या सहलीविषयी पाच वाक्ये आहेत आणि त्यांपैकी चार वाक्यांत शिक्षिकाबाईंनी पेन्सिलीने एकच खूण केली आहे. शेजारशेजारच्या दोन शब्दांभोवती, किंवा शब्दगटांभोवती, वळसा घालणारी ती नागमोडी रेघ ‘यांची अदलाबदल करा’ असे सांगते. शब्द बरोबर होते, त्यांची रूपे बरोबर होती, अर्थही स्पष्ट होता, आणि तरीही एकच चूक चार वेळा झाली होती. नोकरीनिमित्त किंवा जोडीदारासोबत स्वीडनला आलेल्या ज्या मराठी मंडळींशी भाषेविषयी बोलणे होते, त्यांतील बहुतेकांच्या वहीत हीच रेघ सापडते. ती रेघ का ओढली जाते आणि ओढावी लागू नये म्हणून काय पाहायचे, ते या लेखात उलगडायचे आहे.

स्वीडिश शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. त्यातील काही स्वर मराठीत नाहीत, त्यामुळे उच्चार जवळपासचे आहेत. आपल्याला उच्चारापेक्षा शब्दांचा क्रम पाहायचा आहे.

## मूळ नियम: दुसरी जागा राखीव आहे

सर्वांत साध्या वाक्यापासून सुरुवात करू. ‘याग शॉपेर ब्रॉद ईदाग’ म्हणजे ‘मी आज पाव विकत घेतो’. शब्दशः क्रम आहे: मी, घेतो, पाव, आज. आता ‘आज’वर भर द्यायचा आहे, म्हणून ‘ईदाग’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणला. मराठी माणसाला, आणि इंग्रजीतून स्वीडिशकडे येणाऱ्या कोणालाही, वाटते की एक शब्द उचलून पुढे ठेवला, बाकीचे जागच्या जागी राहतील: ‘ईदाग याग शॉपेर ब्रॉद’. हे वाक्य स्वीडिश कानाला मोडलेले वाटते. बरोबर वाक्य आहे ‘ईदाग शॉपेर याग ब्रॉद’, म्हणजे शब्दशः ‘आज घेतो मी पाव’.

एका छोट्या गाडीची कल्पना करा, जिच्यात पहिल्या आसनामागे लगेच वाहकाचे राखीव आसन आहे. पहिल्या आसनावर कोणीही बसावे, पण एकानेच. वाहक मात्र दुसऱ्या आसनावरून हलत नाही. एरवी पहिल्या आसनावर कर्ता बसलेला असतो. एखाद्या दिवशी ‘आज’ हा प्रवासी तेथे येऊन बसला, तर कर्त्याला उठावे लागते आणि त्याला वाहकाच्या मागचे आसन मिळते. वाहक म्हणजे क्रियापद. ‘पाव’ पुढे आणला तरी हेच घडते: ‘ब्रॉद शॉपेर याग ईदाग’, म्हणजे ‘पाव घेतो मी आज’.

स्वीडिश शाळांतील व्याकरणात कर्ता पुढे असलेल्या रचनेला सरळ क्रम आणि कर्ता क्रियापदामागे गेलेल्या रचनेला उलटा क्रम म्हणतात. ही नावे रूढ असली तरी शिकणाऱ्याची थोडी दिशाभूल करतात, असे माझे मत आहे. त्यांतून असे वाटते की क्रियापद कधी मागे राहते आणि कधी उडी मारून पुढे येते. दोन्ही रचनांत क्रियापद दुसरेच असते. जागा बदलतो तो कर्ता. वाक्यातील पहिल्या जागेला स्वीडिश व्याकरणकार ‘फुंदामेंत’, म्हणजे पाया, असे म्हणतात. वाक्याकडे अशा ठरलेल्या जागांची रांग म्हणून पाहण्याची पद्धत डॅनिश भाषाशास्त्रज्ञ पाउल डिडरिक्सन यांनी 1946 मध्ये मांडली, आणि स्वीडिश शिकवतानाही ती वापरली जाते. मी या लेखात पहिल्या जागेला ‘अग्रस्थान’ म्हणेन.

## मराठी माणूस येथे का अडखळतो?

मराठीत क्रियापदाची जागाही बऱ्यापैकी ठरलेली आहे, पण ती वाक्याच्या शेवटी. ‘मी आज पाव घेतो’, ‘आज मी पाव घेतो’, ‘पाव मी आज घेतो’: पुढचे शब्द कसेही फिरवले तरी ‘घेतो’ शेवटीच राहतो, आणि कोण काय करतो हे प्रत्ययांवरून व क्रियापदाच्या रूपावरून कळते. त्यामुळे ‘आज’ पुढे आणणे ही आपल्याला किंमत न मोजता मिळणारी सोय वाटते. एक शब्द हलवल्याबद्दल दुसरा हलवावा लागतो, हा हिशेब मराठीने आपल्याला कधी शिकवलेला नाही.

तरीही वहीतील चूक सरळ मराठीतून आलेली नसते. मराठी क्रम जसाच्या तसा नेला असता, तर क्रियापद शेवटी गेले असते. तशी वाक्ये मी सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर लिहिली नाहीत, आणि इतरांच्या लिखाणातही क्वचितच पाहिली. आपण लिहितो ते इंग्रजी क्रमाचे वाक्य, ज्यात ‘आज’ पुढे आला तरी कर्ता क्रियापदाच्या आधीच राहतो. शाळेत मिळवलेली इंग्रजी आपल्या नकळत मधली पायरी होते.

अभ्यासकांमध्ये यावर मतभेद आहेत. मानफ्रेड पीनेमान यांच्या मांडणीनुसार शिकणाऱ्याचा मेंदू वाक्यरचना टप्प्याटप्प्याने पेलू लागतो. ‘आज’ पुढे ठेवून बाकी क्रम तसाच राखणे हा आधीचा टप्पा, आणि कर्ता मागे नेणे हा नंतरचा, मग मातृभाषा कोणतीही असो. जर्मन शिकणाऱ्या स्वीडिश शाळकरी मुलांच्या 2002 मधील अभ्यासातून याला आधार मिळाला होता. दोन्ही भाषांत क्रियापद दुसऱ्या जागी असते, तरी ती मुले जर्मनमध्ये चुकत होती. पुढे ऊटे बोनाकर यांनी दाखवले की इंग्रजी न येणारे स्वीडिश लोक जर्मन शिकताना सुरुवातीपासून क्रियापद दुसऱ्या जागी ठेवतात, आणि ज्यांना इंग्रजी येते ते चुकतात. माझ्या अनुभवाला दुसरे स्पष्टीकरण अधिक जुळते, पण पहिल्यातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: नियम पाठ असूनही बोलताना तो हाताशी यायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात होणारी चूक हा निष्काळजीपणा नसतो.

हा नियम फक्त युरोपातला आहे, असेही समजू नये. जर्मन, डच, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत तो आहे, तसा आपल्या देशातील काश्मिरी भाषेतही आहे. मराठी आणि हिंदी यांच्या दूरच्या नात्यातील ही भाषा मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी ठेवते.

## वहीतील पाच वाक्ये

आता त्या पानाकडे येऊ. पहिले वाक्य होते ‘ई लॉर्दास वी ओक्ते तिल यॉतेबोर्य’. ‘ई लॉर्दास’ म्हणजे गेल्या शनिवारी, ‘वी’ म्हणजे आम्ही, ‘ओक्ते’ म्हणजे गेलो, आणि उरलेला भाग ‘गोथेनबर्गला’. येथे पहिली शंका येते: ‘ई लॉर्दास’ हे दोन शब्द आहेत, मग ‘वी’ तिसरा झाला, तर दुसरी जागा नेमकी कोणती? उत्तर असे की जागा शब्दांनी मोजायच्या नसून अर्थाच्या तुकड्यांनी मोजायच्या आहेत. ‘गेल्या शनिवारी’ हा एक तुकडा आहे. म्हणून बरोबर वाक्य ‘ई लॉर्दास ओक्ते वी तिल यॉतेबोर्य’.

दुसरे वाक्य ‘फॉश्त वी शॉप्ते काफे पो स्ताशूनेन’, म्हणजे ‘आधी आम्ही स्टेशनवर कॉफी घेतली’. ‘फॉश्त’ अग्रस्थानी बसल्यावर ‘वी’ला तेथे जागा नाही, म्हणून ‘फॉश्त शॉप्ते वी काफे’.

तिसरे वाक्य सर्वांत शिकवणारे आहे. मी लिहिले होते ‘नेर तोगेत कोम, दे रेंग्नादे’: गाडी आली तेव्हा पाऊस पडत होता. ‘नेर’ म्हणजे जेव्हा, ‘तोगेत’ म्हणजे गाडी, ‘कोम’ म्हणजे आली. ‘दे’ हे इंग्रजीतल्यासारखे पावसाच्या वाक्यात केवळ कर्त्याची जागा भरणारे सर्वनाम आहे, आणि ‘रेंग्नादे’ म्हणजे पाऊस पडत होता. शिक्षिकाबाईंनी ‘दे’ आणि ‘रेंग्नादे’ यांची अदलाबदल केली: ‘नेर तोगेत कोम रेंग्नादे दे’. मला ते पटेना, कारण माझ्या मते दुसरे वाक्य ‘दे’पासून नव्याने सुरू होत होते. त्यांनी ‘नेर तोगेत कोम’ या तीन शब्दांभोवती एक चौकट काढली आणि चौकटीवर ‘दो’, म्हणजे ‘तेव्हा’, एवढाच शब्द लिहिला. मग सगळे उमगले. ‘गाडी आली तेव्हा’ हे संपूर्ण गौण वाक्य एकाच तुकड्याप्रमाणे मोठ्या वाक्याच्या अग्रस्थानी बसले होते. चौकटीच्या आत क्रम सरळ होता, चौकटीच्या बाहेर लगेच क्रियापद हवे होते. परिणामी ‘कोम’ आणि ‘रेंग्नादे’ ही दोन क्रियापदे एकमेकांना चिकटून येतात. दोन क्रियापदांची ही खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली जोडी दिसली की सांधा बरोबर बसला, असे समजायला हरकत नाही.

चौथे वाक्य ‘त्यूवेर मिन कोंपिस कुंदे इंते कोम्मा’, म्हणजे ‘दुर्दैवाने माझा मित्र येऊ शकला नाही’. येथे क्रियापदे दोन आहेत: ‘कुंदे’ म्हणजे शकला आणि ‘कोम्मा’ म्हणजे येणे. राखीव आसन कोणाचे? काळ दाखवणाऱ्याचे. ते ओळखण्यासाठी वाक्याचा काळ बदलून पाहावा. ‘शकला’चे ‘शकतो’ केले की ‘कुंदे’चे ‘कान’ होते; ‘कोम्मा’ मात्र तसेच राहते. मराठीत ‘जाणार आहे’चे ‘जाणार होतो’ करताना ‘जाणार’ बदलत नाही, तसेच हे आहे. म्हणून फक्त ‘कुंदे’ पुढे येतो, आणि कर्ता व ‘नाही’ त्याच्या मागे: ‘त्यूवेर कुंदे मिन कोंपिस इंते कोम्मा’. ‘दुर्दैवाने’ हा शब्द वेळ किंवा स्थळ सांगत नाही, फक्त बोलणाऱ्याची भावना सांगतो, म्हणून त्याला नियम लागू नसावा असे मला वाटले होते. पण अग्रस्थानी कोण बसले आहे, याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नसते.

पाचवे वाक्य ‘मेन वी हादे रूलित’, ‘पण आम्हाला मजा आली’, येथे कोणतीही खूण नव्हती. ‘मेन’ म्हणजे ‘पण’ आणि ‘ऊक’ म्हणजे ‘आणि’ ही उभयान्वयी अव्यये मोजणीत येतच नाहीत. ती दोन डब्यांमधली कडी आहेत, डब्यातले प्रवासी नव्हेत. नेमके हे न कळल्यामुळे पुढच्या आठवड्यात मी अतिसावधपणे ‘मेन हादे वी रूलित’ लिहिले आणि तेथे पेन्सिलीची पाचवी रेघ आली. नियम नुकताच समजलेल्या माणसाकडून अशी चूक होते. त्याच भरात ‘कारण मी आजारी आहे’ या गौण वाक्यातही कर्ता मागे ढकलला जातो. तेथे ‘एफ्तेरशोम याग एर शूक’ असा सरळ क्रमच हवा. उलटापालट त्यानंतरच्या मुख्य वाक्यात होते: ‘एफ्तेरशोम याग एर शूक स्तानार याग हेम्मा’, म्हणजे ‘मी आजारी असल्यामुळे घरी राहतो’.

या पाचही वाक्यांवर मी आजही एकच चाचणी लावतो. मुख्य वाक्यातील काळ दाखवणारे क्रियापद शोधायचे आणि ‘मेन’, ‘ऊक’ यांसारख्या कड्या सोडून त्याच्या आधी जे काही आहे, त्या सगळ्याच्या जागी एकच छोटा शब्द बसतो का ते पाहायचे. ‘गेल्या शनिवारी’च्या जागी ‘तेव्हा’ बसतो. ‘काल संध्याकाळी’च्या जागीही बसतो, कारण दोन्ही मिळून एकच वेळ सांगतात. पण ‘गेल्या शनिवारी आम्ही’च्या जागी ‘तेव्हा’ ठेवला तर ‘आम्ही’ हरवतो. म्हणजे तेथे दोन प्रवासी एका आसनावर बसले आहेत.

## ‘अर्थ तर कळतो, मग हट्ट कशाला?’

हा आक्षेप मी स्वतः घेतला होता, आणि ‘आज मी पाव घेतो’ या प्रकारच्या वाक्यापुरता तो खराही आहे. समोरच्याला अर्थ कळतो. परंतु स्वीडिशमध्ये कर्ता आणि क्रियापद यांच्या क्रमावर इतरही कामे सोपवलेली आहेत, आणि तेथे क्रम बदलला की अर्थ बदलतो.

मघाचा ‘दो’ हा शब्दच घ्या. त्याचा अर्थ ‘तेव्हा’ होतो आणि, विशेषतः लेखी भाषेत, ‘जेव्हा’ही होतो. मराठीत ‘ते’ आणि ‘जे’ या आरंभांनी हा फरक दिसतो; स्वीडिशमध्ये तो फक्त क्रमाने दिसतो. ‘दो कोम हान हेम’ म्हणजे ‘तेव्हा तो घरी आला’, आणि वाक्य संपले. ‘दो हान कोम हेम’ म्हणजे ‘तो घरी आला तेव्हा’, आणि ऐकणारा पुढे काय झाले याची वाट पाहत थांबतो. शिकणाऱ्याला पहिले म्हणायचे असते, तो दुसरे म्हणून थांबतो, आणि समोरचा माणूस मान पुढे करून उरलेल्या वाक्याची वाट पाहतो.

क्रियापद पहिल्याच जागी ठेवले तर त्याचाही अर्थ ठरलेला आहे. ‘कोम्मेर हान ईक्वेल?’ हा प्रश्न झाला: तो आज संध्याकाळी येतो का? आणि प्रश्नाचा स्वर न लावता पुढे वाक्य जोडले, ‘कोम्मेर हान ईक्वेल, लागार याग मात’, तर अर्थ होतो ‘तो आज संध्याकाळी आला, तर मी स्वयंपाक करीन’. ‘जर’ हा शब्द वाक्यात कुठेही नाही. तो पहिल्या जागेवरील क्रियापदात आहे.

## ‘मग प्रत्येक वाक्य कर्त्यापासून सुरू करू’

हा मार्ग अनेक जण काही काळ निवडतात, आणि तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण सहलीचे ते पान त्या पद्धतीने लिहून पाहा: आम्ही शनिवारी गेलो, आम्ही आधी कॉफी घेतली, पाऊस गाडी आली तेव्हा पडत होता, माझा मित्र दुर्दैवाने येऊ शकला नाही. प्रत्येक वाक्य सुटे उभे राहते. अग्रस्थान हे मागच्या वाक्याला पुढचे वाक्य शिवण्याचे ठिकाण आहे. ‘आधी’, ‘मग’, ‘तेथे’, ‘गाडी आली तेव्हा’ हे शब्द तेथे बसले की गोष्ट वाहू लागते. स्वीडिश माणूस काही सांगायला बसला की तो अशा शब्दांनी सतत सुरुवात करतो. ते टाळले, तर बोलण्याचा धागाच सोडावा लागतो.

## ‘पण मी स्वीडिश लोकांनाच वेगळे बोलताना ऐकले आहे’

ऐकले असेल, आणि त्याची तीन वेगळी कारणे आहेत.

एक कारण ‘कान्शे’, म्हणजे ‘कदाचित’. ‘कान्शे कोम्मेर हान’ हे नियमाप्रमाणे आहे, पण ‘कान्शे हान कोम्मेर’ हेही शुद्ध स्वीडिश आहे. हा शब्द ‘कान’ म्हणजे शकते आणि ‘शे’ म्हणजे घडणे या दोन क्रियापदांचा जोड आहे. मूळचा अर्थ ‘घडू शकते’. त्याच्या अंगात क्रियापद अजून शिल्लक असल्यामुळे दुसऱ्या क्रियापदाला पुढे धावण्याची सक्ती राहत नाही. इतर बहुतेक क्रियाविशेषणांना ही सवलत नाही, त्यामुळे ‘कान्शे’वरून ‘त्यूवेर’चा अंदाज बांधू नये.

दुसरे कारण ‘सो’ हा छोटा शब्द. बोलताना लोक ‘ईगोर सो यिक याग हेम’ असे म्हणतात: काल मी घरी गेलो. येथे ‘सो’मुळे क्रियापद तिसरे झालेले दिसते. पण ‘सो’ हा मागच्या तुकड्याचा पुन्हा केलेला उच्चार आहे, आपण ‘काल संध्याकाळी ना, तेव्हा’ म्हणतो तसा. कर्ता क्रियापदाच्या मागेच आहे, हे पाहावे.

तिसरे कारण अधिक गंभीरपणे घेण्यासारखे आहे. स्टॉकहोमच्या रिंकेबी या उपनगराच्या नावावरून ‘रिंकेबी-स्वीडिश’ म्हणून ओळखली गेलेली तरुणांची बोली आहे. उल्ला-ब्रित कोत्सिनास यांनी 1980 च्या दशकात तिचा अभ्यास सुरू केला. अनेक मातृभाषा असलेल्या वस्त्यांत वाढलेली मुले त्या बोलीत ‘ईगोर याग यिक’ असे म्हणतात, म्हणजे माझ्या वहीतल्या चुकीचाच क्रम. नतालिया गानुझा यांनी 2008 मधील प्रबंधात दाखवले की ही मुले असा क्रम सरसकट वापरत नाहीत. तो प्रामुख्याने आपापसातील बोलण्यात येतो, इतरत्र तीच मुले कर्ता मागे नेतात. म्हणून मी त्या बोलीला चूक म्हणणार नाही. ज्याला दोन्ही क्रम येतात, त्याने मित्रांत एक निवडणे वेगळे, आणि ज्याला एकच येतो, त्याने नोकरीच्या अर्जात तोच लिहिणे वेगळे. ऐकणाऱ्यालाही हा फरक कळतो.

## नियम कळल्यावर उरते ते

लिहिताना मी आजकाल क्वचित चुकतो, बोलताना अजून चुकतो, आणि चूक नेमकी कोठे होते तेही मला ठाऊक आहे. ‘ईदाग’ किंवा ‘फॉश्त’सारख्या छोट्या शब्दानंतर क्रियापद आता आपोआप येते, कारण ‘ईदाग एर दे’, ‘नू हार याग’, ‘सेन यिक वी’ अशा जोड्या मी नियम म्हणून शिकलो नाही, तर एकेका शब्दासारख्या तोंडात बसवल्या. अडचण लांब गौण वाक्यानंतर येते. सात-आठ शब्दांचा तुकडा पुढे बोलून होईपर्यंत तो अग्रस्थानी आहे, याची आठवण पुसट होते, श्वास घेतला जातो, आणि श्वासानंतर जिभेवर पहिला शब्द ‘याग’ येतो. त्यावर मी केलेला उपाय एवढाच आहे की गौण वाक्यानंतर श्वास घ्यायचा नाही, तर त्यानंतरच्या क्रियापदानंतर घ्यायचा. ‘नेर तोगेत कोम रेंग्नादे’ एका दमात, आणि मग ‘दे’.